कथा : फरक (आणि वाचणाऱ्यांना एक प्रश्न)

पडवीतला

बरेच दिवस डोक्यात असलेली एक छोटी कथा लिहिली आहे. आमच्या देवगडच्या बाजूला अशा फोनचा सुळसुळाट आहे, त्यातूनच सुचली. आधी कथा वाचा, प्रश्न शेवटी विचारतो.

*भात झोडून झालं होतं. माईंनी सकाळीच खळं सारवायला घेतलं होतं, त्यामुळे आबांना रेंजच्या कोपऱ्यात जायला कडेकडेने जावं लागलं. घरात रेंज येत नाही. तुळशीच्या मागे, पायरीच्या दगडावर उभं राहिलं की दोन काड्या येतात.*

*"नमस्कार साहेब. जिल्हा कोषागार कार्यालय, निवृत्तिवेतन शाखेतून बोलतोय. आपण पंचायत समितीतून 31 मे 2010 रोजी वरिष्ठ सहायक म्हणून सेवानिवृत्त झालात, बरोबर?"*

*आबांची पाठ आपोआप ताठ झाली. कितीतरी वर्षांनी कोणीतरी त्यांचं पद पूर्ण उच्चारलं होतं.*

*"बरोबर."*

*"आपला पीपीओ क्रमांक वाचतो, पडताळून घ्या." त्याने वाचला. एकही आकडा चुकला नाही. "साहेब, आपण निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून अंशराशीकरणाची एकरकमी रक्कम घेतली होती. त्याला पंधरा वर्षं पूर्ण झाली. कपात बंद होऊन पूर्ण निवृत्तिवेतन सुरू व्हायला हवं होतं, ते आमच्याकडून राहून गेलं. फरकाची रक्कम 1,84,600 निघते. टिपणी तयार आहे, साहेबांची सही झालेली आहे. फक्त आपल्या खात्याची पडताळणी बाकी आहे."*

*टिपणी तयार आहे. हे वाक्य आबांनी स्वतः नोकरीत किती जणांना ऐकवलं असेल. त्यांना तो मुलगा आवडला. नीट बोलत होता, घाई करत नव्हता, मागे कोणाच्या तरी टंकलेखनाचा आवाज येत होता.*

*"खात्याचे शेवटचे चार आकडे मीच सांगतो," तो म्हणाला आणि सांगितले. "आता खात्याला जोडलेल्या कार्डावरचा क्रमांक वाचून दाखवा, म्हणजे खातं आपलंच असल्याची नोंद होईल."*

*आबा पुन्हा कडेकडेने घरात गेले. कपाटात पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्ड होतं. मुलाने करून दिलेलं, एकदाही न वापरलेलं. माईंनी विचारलं, "कोणाचा फोन?" आबा म्हणाले, "हापिसचा."*

*क्रमांक वाचून झाला. मोबाइल थरथरला. सहा आकडे आले.*

*"आला का संदेश? तो बिलाचा क्रमांक आहे साहेब, तेवढा सांगितलात की बिल पास."*

*आबांनी तोंड उघडलं आणि रेंज गेली. "हॅलो? हॅलो?" पायरीच्या दगडावरून ते उतरले, परत चढले. मग पंपाकडे गेले, मग फणसाच्या मागे. माई बघत राहिल्या. ओल्या खळ्यात पावलं उमटत होती आणि आबा ते सहा आकडे विसरू नयेत म्हणून तोंडातल्या तोंडात म्हणत होते.*

इथे संपते. माझ्या मित्राचं म्हणणं असं की ज्या माणसाने आयुष्यभर पेन्शनची प्रकरणं हाताळली तो असा फसणारच नाही, त्यामुळे कथा पटत नाही. मला उलट वाटतं. तुम्हाला काय वाटतं? आणि तपशिलात काही चुकलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

---

सुरंगी

"हापिसचा" या एका शब्दावर थांबले. माझे सासरे निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी जुन्या कचेरीतून कोणाचा फोन आला की शर्ट घालून बोलायला बसतात.

---

चाकरमानी_डोंबिवली

छान लिहिलंय, पण मी तुमच्या मित्राच्या बाजूने. क्लार्क माणूस कागद हातात आल्याशिवाय काही करत नाही. साध्या रजेच्या अर्जाला जावक क्रमांक मागणारी ही माणसं. शेतकरी किंवा गृहिणी दाखवली असती तर पटलं असतं. आणि दुसरं म्हणजे, खाते क्रमांक त्यांच्याकडे आधीच होता ना? मग खेळ तिथेच संपला. खाते क्रमांक गेला की पैसे गेले. पुढचा कार्ड आणि ओटीपीचा भाग कशाला?

---

शेतकऱ्याची_पोर

@चाकरमानी_डोंबिवली, शेतकरी दाखवला असता तर पटलं असतं म्हणजे काय? माझे वडील शेतकरी आहेत आणि असे फोन आले की दोन प्रश्नांत समोरच्याला गप्प करतात. फसणं शिक्षणावर किंवा धंद्यावर नसतं.

---

कॅश_काउंटर

मी बँकेत होतो, आता निवृत्त आहे. @चाकरमानी_डोंबिवली, खाते क्रमांकाने पैसे जात नाहीत. तो तुमच्या प्रत्येक चेकवर छापलेला असतो, दुकानदारांना, भाडेकरूंना आपण स्वतःहून देतो. त्या क्रमांकावर पैसे येऊ शकतात. काढायला आणखी काहीतरी लागतं, आणि तो चोर तेच मागतोय.

कथेत जे घडतंय ते बहुतेक असं आहे : आबांनी नेट बँकिंग कधीच चालू केलेलं नाही. चोर ते आबांच्या नावाने चालू करायला बघतोय. नोंदणी करताना बँक डेबिट कार्डाचा तपशील मागते आणि नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवते. म्हणून "एकदाही न वापरलेलं कार्ड" हा तपशील फार बरोबर आलाय. न वापरलेलं कार्ड सुरक्षित असतं असं लोक समजतात.

दोन दुरुस्त्या मात्र करा. नुसता सोळा आकडी क्रमांक पुरत नाही, कार्डाची मुदत कधी संपते तो महिना-वर्षही तो विचारेल. बऱ्याचदा "कार्ड चालू आहे ना, कधीपर्यंत वैध आहे?" असं सहज विचारतात, आणि माणूस वाचून दाखवतो. दुसरं म्हणजे तो संदेश. त्यात नुसते सहा आकडे नसतात. हा ओटीपी कशासाठी आहे ते वर लिहिलेलं असतं, नोंदणीसाठी की व्यवहारासाठी, आणि व्यवहाराचा असेल तर रक्कमही असते. खाली कोणाला सांगू नका असंही असतं. आबा संदेश वाचतील की फक्त आकडे बघतील? मला वाटतं तुमची खरी कथा इथे आहे. काउंटरवर बसून मी पाहिलंय, लोक आकड्यांवर नजर टाकतात आणि आजूबाजूचा इंग्रजी मजकूर सोडून देतात.

---

पेडवे_फ्राय

माझ्या आवशीचा फॅमिली पेन्शन अजून चालू जावक नाय. बाबा गणपतीआधी गेले. दोनदा जावन इलंय, सायब जाग्यार नाय. ह्यो जो फोन येता तो खंयच्या हापिसातसून? नंबर गावलो तर मीच करतंय.

---

सुरंगी

@पेडवे_फ्राय अहो, तो फोन चोरांचा आहे! कथा नीट वाचा.

---

पेडवे_फ्राय

वाचलंय गो. पण आमका तर चोर पण फोन करूक नाय आजून.

---

उपकोषागार

धागा उशिरा पाहिला. मी कोषागारात होतो, उपकोषागारातही काही वर्षं काढली. कथा आवडली म्हणूनच सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. तुमचे आबा पंचायत समितीतून निवृत्त झालेत, म्हणजे जिल्हा परिषदेचे कर्मचारी. त्यांचं निवृत्तिवेतन जिल्हा परिषदच मंजूर करते आणि ते पंचायत समितीमार्फत बँकेत जातं. कोषागारात त्यांची फाइल नसते. तहसील कार्यालयातला किंवा बांधकाम विभागातला राज्य सरकारी कर्मचारी असता तर महालेखापाल कार्यालयाकडून पीपीओ निघाला असता आणि कोषागाराने पैसे दिले असते. आबा स्वतः पंचायत समितीत आस्थापनेच्या टेबलावर बसले असतील तर "जिल्हा कोषागारातून बोलतोय" हे ऐकल्यावर त्यांच्या मनात पहिला प्रश्न यायला हवा : माझं प्रकरण तुमच्याकडे आलं कधी? तेव्हा एक तर आबांची नोकरी राज्य सरकारी कचेरीतली दाखवा, नाहीतर ही चूक चोराचीच ठेवा. मी असतो तर ठेवली असती. चोरांकडे यादी असते, यादीत नाव, तारीख, पीपीओ सगळं असतं, पण कोणाचे पैसे कुठल्या कचेरीतून निघतात हे त्यांना ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. 1,84,600 हा आकडा येऊच शकत नाही. आबांचाच हिशेब करू. 2010 साली त्यांचं मूळ निवृत्तिवेतन 8,000 धरा. त्यातले 3,200 त्यांनी अंशराशीकरणात विकले, म्हणजे त्याबदल्यात एकरकमी पैसे घेतले आणि तेव्हापासून दरमहा 3,200 कापले जाऊ लागले. सातव्या वेतन आयोगात 8,000 चे 2.57 पटीने 20,560 झाले. पण कपात 3,200 च राहिली, कारण विकलेला भाग तेवढाच होता. म्हणजे पंधरा वर्षांनी कपात थांबली की आबांच्या हातात दरमहा 3,200 जास्त पडणार. ना कमी, ना जास्त.

आता पंधरा वर्षं कधीपासून? आबा मे अखेर निवृत्त झाले, पण अंशराशीकरणाची रक्कम सहसा उशिरा मिळते. ती समजा 1 सप्टेंबर 2010 ला मिळाली आणि कपात तेव्हा सुरू झाली, तर पुनर्स्थापना, म्हणजे पूर्ण निवृत्तिवेतन परत सुरू होणं, 1 सप्टेंबर 2025 पासून. तुमच्या कथेत भात झोडून झालंय, म्हणजे नोव्हेंबर. सप्टेंबर आणि ऑक्टोबर असे दोन महिने राहिलेत. फरक किती? 6,400. नोव्हेंबरही धरला तरी 9,600. पावणेदोन लाखांच्या वर कुठून येणार?

तुमच्या मित्राला हे सांगा : क्लार्क फसणार नाही असं नाही. पण क्लार्क असेल तर त्याच्या सुटकेची वाट ओटीपी ओळखण्यातून जात नाही. ती या गुणाकारातून जाते.

---

चाकरमानी_डोंबिवली

@उपकोषागार, थोडं अडतंय. महागाई भत्ता विसरलात का? 3,200 वर महागाई भत्ताही मिळायला हवा, तो पन्नास टक्क्यांच्या वर आहे. मग फरक मोठा होईल की.

---

उपकोषागार

प्रश्न रास्त आहे, बऱ्याच निवृत्तांनाही असंच वाटतं. पण महागाई वाढ आधीपासूनच पूर्ण मूळ निवृत्तिवेतनावर मिळत असते, कपात करण्यापूर्वीच्या. आबांना आजही 20,560 वर महागाई मिळते आणि त्यातून 3,200 वजा होतात. कपात थांबली म्हणून महागाईत एक रुपयाही वाढत नाही. पासबुकावरून हे ताडून बघता येतं.

---

चाकरमानी_डोंबिवली

मान्य. वडिलांचं पासबुक काढून बघतो. ते 2012 चे आहेत, म्हणजे 2027 ला त्यांचं सुटेल.

---

दाभोळची_खाडी

मी इथे सहसा लिहीत नाही. पण हे माझ्या घरी घडलं म्हणून लिहिते.

वडील गुहागरकडे असतात, शिक्षक होते. त्यांना फोन हयातीच्या दाखल्यासाठी आला. नोव्हेंबरचे दिवस, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. बँकेत जायला एसटीने तालुक्याला जावं लागतं, गुडघे दुखतात, आणि समोरचा म्हणतो की घरबसल्या होईल. त्याने ओटीपी मागितलाच नाही. आम्ही मुलांनी "ओटीपी सांगू नका" असं दहादा बजावलं होतं आणि बाबांनी तो शब्द पाळला. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली. नाव होतं `JeevanPraman.apk`. दाबल्यावर फोनने विचारलं की अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप घ्यायचं का, मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली. तो फोनवर सांगत होता, "हो म्हणा काका, पुढे हो म्हणा." नंतर एक फॉर्म उघडला, त्यात नाव, पीपीओ, खातं, कार्ड. बाबांनी भरला. "दाखला जमा झाला" असं हिरव्या अक्षरात आलं. बाबा खूश होऊन जेवायला बसले.

ओटीपी त्या अ‍ॅपनेच वाचून पुढे पाठवले. पैसे गेल्याचे एसएमएसही बाबांना दिसले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी भाऊ गावी येईपर्यंत कळलंच नाही. बचत खात्यात फार नव्हतं. पण त्याच खात्याला मुदत ठेव जोडलेली होती. ती मोबाइल बँकिंगमधून मोडली गेली आणि मग रक्कम गेली. बाबांना ठेव फोनवरून मोडता येते हेच माहीत नव्हतं. पावती कपाटात होती ना.

भावाने पहिल्यांदा बँकेत फोन केला, मग 1930 वर. तिथे त्यांनी व्यवहाराचे क्रमांक विचारले. एसएमएस नाहीत, मग क्रमांक कुठून द्यायचे? शाखेत जाऊन उतारा काढला, त्यावर बारा आकडी क्रमांक मिळाले, तेव्हा तक्रार पूर्ण झाली. पैसे तोपर्यंत तीन-चार खात्यांतून फिरले होते. शेवटच्या एका खात्यात थोडे अडकवले गेले. ते परत मिळायला कोर्टाचा आदेश लागतो म्हणाले, तो अर्ज अजून चालू आहे.

मला कथेबद्दल एवढंच म्हणायचं आहे की तुमचे आबा ओटीपीपाशी थांबले तरी गोष्ट संपत नाही.

---

कॅश_काउंटर

@दाभोळची_खाडी, वाईट वाटलं. हल्ली हेच जास्त आहे. मोबाइलवर यूपीआय सुरू करायला त्याच सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. त्यामुळे दुसऱ्याच्या फोनवरचा चोर नुसत्या ओटीपीवर फार पुढे जात नाही. फोनमध्ये अ‍ॅप घुसवलं की त्याची ती अडचण संपते.

असं काही दाबलं गेलं तर आधी फोनचं इंटरनेट आणि नेटवर्क बंद करा, विमान मोडवर टाका किंवा सिम काढा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 ला कळवा. बऱ्याच जणांचा वेळ त्याच फोनवर अ‍ॅप शोधून काढून टाकण्यात जातो. व्यवहाराचा क्रमांक हाताशी नसला तरी फोन करा, खातं गोठवायला बँकेला तो लागत नाही. `cybercrime.gov.in` वर तक्रारीचा तपशील नंतर भरता येतो.

आणि बँकेला कळवल्याची वेळ लेखी घ्या. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये तसं परिपत्रक काढलं होतं. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. सहकारी बँकांनाही तसाच नियम त्याच वर्षी लागू झाला.

---

दाभोळची_खाडी

पण बाबांनी ओटीपी "दिला" का? हाच आमचा वाद चालू आहे. बँक म्हणते अ‍ॅप तुम्ही घेतलं, परवानगी तुम्ही दिली. आम्ही म्हणतो त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही.

---

कॅश_काउंटर

याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. बँकेची बाजू मला माहीत आहे, पण मला ती पूर्ण पटत नाही. बँकेने नाकारल्याचं पत्र घेऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही. बँकेच्या उत्तरानंतर मुदतीच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

---

रापण

रेंज गेल्यामुळे आबा वाचतात हे फार कोकणी आहे. आमच्या वाडीत टॉवर यावा म्हणून गेल्या वर्षी निवेदन दिलं होतं, आता ते मागे घ्यावं म्हणतो 😄

---

जुना_सभासद

मला रेंजवाला शेवट पटला नाही. फुकटची सुटका वाटते. लेखकाने पात्राला अडचणीत टाकलं आणि मग डोंगराला पुढे केलं. शिवाय अशा कथांत म्हातारी माणसं कायम बावळट का असतात? माझं वय 74. मला असे फोन महिन्यातून दोन-तीन येतात.

---

पडवीतला

@जुना_सभासद, आबांना बावळट दाखवायचं नव्हतं, आणि तसं दिसत असेल तर ते लिहिण्यात कमी पडलंय. माझ्या मनात असं होतं की ते फसतात ते त्यांच्या जाणतेपणामुळे. टिपणी, बिल, सही, पडताळणी या शब्दांवर त्यांनी आयुष्य काढलं. ते शब्द बरोबर आले की काम खरं आहे असं त्यांना वाटतं. बाहेरच्या माणसाला त्या शब्दांनी काहीच झालं नसतं.

पण @उपकोषागार यांनी हिशेब मांडला आणि मला दिसलं की तोच जाणतेपणा त्यांना थांबवूही शकतो. रेंज जाईल, पण ती सुटका ठरणार नाही. त्यांना हिशेबाला वेळ मिळेल, एवढंच.

एक विचारायचं आहे. कपात वेळेवर थांबली नाही, राहून गेली, असं खरंच होतं का? की चोराची ती थापच आहे?

---

उपकोषागार

होतं ना. म्हणून तर थाप चालते. पुनर्स्थापना आपोआप व्हावी अशी अपेक्षा असते, पण जुन्या प्रकरणांत अंशराशीकरणाची रक्कम कधी दिली त्या तारखेची नोंदच सापडत नाही, मध्ये बँक बदललेली असते, कर्मचारी दुसऱ्या तालुक्यात राहायला गेलेला असतो. मग कपात चालूच राहते आणि वर्षभराने कोणाच्या तरी लक्षात येतं. तेव्हा अर्ज करावा लागतो. अर्जाला अंशराशीकरण मंजुरीच्या आदेशाची प्रत आणि रक्कम मिळाल्याची पासबुकातली नोंद जोडली की काम सोपं जातं. ज्यांची पंधरा वर्षं भरत आली आहेत त्यांनी ती जुनी पासबुकं टाकू नयेत.

आणि पैसे "सोडायला" तुमच्या खात्याची पडताळणी लागत नाही. दर महिन्याला जिथे निवृत्तिवेतन जमा होतं त्याच खात्यात फरकही जातो. ते खातं आमच्या यादीत असतंच. ज्या कचेरीला तुमचं खातं विचारावं लागतं त्या कचेरीने तुम्हाला आजवर पैसे दिलेच नाहीत.

@पेडवे_फ्राय, तुमचं विसरलो नाही. वडील राज्य सरकारी होते की जिल्हा परिषदेचे?

---

पेडवे_फ्राय

सरकारी. बांधकाम खात्यात मैलकामगार. पीपीओचा पुस्तक आसा, आवशीचो फोटो पण आसा तेच्यात.

---

पडवीतला

शेवट बदलून लिहिला. कार्डाची मुदत आणि संदेशाचा मजकूर @कॅश_काउंटर म्हणाले तसा वर घातलाय. चोराची कोषागाराची चूक तशीच ठेवली आहे. इथे फक्त शेवट देतो.

*रेंज गेली. आबा पायरीच्या दगडावरून खाली आले. पंपाजवळ एक काडी येते, तिकडे जाताना त्यांच्या मनात पैशांची वाटणी सुरू झाली : पडवीवरची कौलं, माईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. 1,84,600. सवयीने त्यांनी रक्कम मागून पुढे तपासायला घेतली. दरमहा 3,200. किती महिन्यांचे?*

*पंपाच्या खोपीत वीजबिलं खोचून ठेवलेली असत. त्यातल्या एकाच्या मागे त्यांनी पेन्सिलीने 3,200 लिहिले, खाली 2. मग रेघ. मग 6,400.*

*पुन्हा केला. तोच आला. एक लाख चौऱ्याऐंशी हजार यायला किती महिने लागतील? भाग लावला. सत्तावन्न महिने आणि वर काही. पावणेपाच वर्षं. पावणेपाच वर्षांपूर्वी तर कपात थांबायची वेळच आली नव्हती.*

*बिल चुकीचं लागलंय, हे त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं. कोणीतरी चुकीचं बिल लावलंय आणि ते लेखापरीक्षणात अडकेल. त्या पोराला सांगायला हवं.*

*फोन वाजला. पंपाजवळ एक काडी होती.*

*"साहेब, तुटला मघाशी. तो क्रमांक—"*

*"ते राहू दे. आधी मला सांग, हे बिल कोणत्या महिन्यापासून लावलंय? आणि माझं प्रकरण पंचायत समितीचं, ते तुमच्याकडे कसं आलं?"*

*पलीकडे टंकलेखनाचा आवाज तसाच चालू होता.*

---

सुरंगी

"त्या पोराला सांगायला हवं" हे फार आवडलं. अजूनही त्यांना तो कचेरीतलाच वाटतोय.

---

जुना_सभासद

हा शेवट पटला. पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला.

---

शेतकऱ्याची_पोर

मला अजून एक शंका आहे. चोर हुशार असेल तर 6,400 च सांगेल. एवढ्या लहान रकमेवर कोणी हिशेब करणार नाही. मग आबा काय करतील?

---

दाभोळची_खाडी

@शेतकऱ्याची_पोर, बाबांना तर काहीच पैसे देऊ केले नव्हते. फक्त एसटीचा हेलपाटा वाचणार होता.

---

पडवीतला

@शेतकऱ्याची_पोर, यावर माझ्याकडे उत्तर नाही. 6,400 सांगितले असते तर माझ्या आबांनी क्रमांक दिला असता असं मला वाटतं. त्यांना पंचायत समितीचा प्रश्नही सुचला नसता, कारण तो रकमेत खोट दिसल्यावर सुचलाय. कदाचित ती वेगळी कथा आहे.

---

उपकोषागार

@पेडवे_फ्राय, पीपीओत आईचा फोटो आणि नाव आहे म्हणजे काम अडायचं कारण नाही. महालेखापालांकडे परत जायची गरज नसते, कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश त्याच पीपीओत असतो. वडिलांच्या मृत्यूचा मूळ दाखला, पीपीओची त्यांची प्रत, आईचं आधार आणि पॅन, आईच्या एकटीच्या नावाच्या खात्याचं पासबुक घ्या आणि जिल्हा कोषागारात निवृत्तिवेतन शाखेत अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. साहेब जागेवर नसले तरी आवक टेबल पोच देतं.

आणि एक. बाबा गेल्यानंतर त्यांच्या खात्यात आणखी एखाद्या महिन्याचं निवृत्तिवेतन जमा झालं असेल तर ते काढू नका, नंतर वसूल होतं. बँकेलाही कळवा.

---

पेडवे_फ्राय

एक म्हयन्याचा जमा झाला हा. काढूक नाय. सोमवारी आवशीक घेवन ओरोसाक जातंय, पोच घेतल्याशिवाय येवचंय नाय.